दोन स्तंभांतले शिवाजी महाराज

उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळा बहुतेक शनिवारी-रविवारी भरतात. तिथली मुले आठवडाभर इंग्रजीत इतिहास शिकतात आणि सुट्टीच्या दिवशी शिवकाल मराठीत वाचतात. म्हणून अनेक शिक्षिका दोन स्तंभांची पाने करतात, डावीकडे मराठी संज्ञा आणि उजवीकडे इंग्रजी. उजवा स्तंभ शब्दकोश उघडून भरला, की इतिहास बिघडायला लागतो.

अष्टप्रधान मंडळाचेच बघा. आठही प्रधानांना इंग्रजी पुस्तके सर्रास ‘मिनिस्टर’ म्हणतात. पण त्या आठांत एकाचे पदनाम ‘मंत्री’ होते. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी जुन्या फारसी पदनामांना संस्कृत नावे मिळाली आणि वाकनीस दत्ताजी त्र्यंबक ‘मंत्री’ झाले. डबीर होते ते ‘सुमंत’ झाले, परराज्यांशी व्यवहार पाहणारे. सुरनीस अण्णाजी दत्तो ‘सचिव’ झाले. आजच्या मंत्रालयातला सचिव डोळ्यांपुढे ठेवून मुलाने ‘सेक्रेटरी’ लिहिले, तर पत्रव्यवहारावर नजर ठेवणारा राज्याचा प्रधान त्याला मंत्र्याच्या हाताखालचा अधिकारी वाटतो. म्हणून उजव्या स्तंभात पदनाम रोमन लिपीत जसेच्या तसे ठेवावे आणि शेजारी त्या माणसाचे काम एका वाक्यात सांगावे.

‘पेशवा’ या शब्दाला तर सनही हवा. 1674 चे मोरोपंत पिंगळे हे छत्रपतींचे मुख्य प्रधान. त्यांच्यापुढे ‘प्राइम मिनिस्टर’ लिहिले तरी निभते. फक्त त्यांना संसदेने निवडले नव्हते, हे वर्गात सांगावे लागते. शाहू महाराजांचे निधन 1749 मध्ये झाले. त्यानंतरच्या पेशव्यांच्या हाती प्रत्यक्ष सत्ताच होती, तिथे ते भाषांतर तोकडे पडते.

सर्वांत जास्त घोटाळा तारखांत होतो. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 चा. शकात 78 मिळवले की इसवी सन निघतो, असे शिकलेला विद्यार्थी 1629 लिहून मोकळा होतो. बेरीज बरोबर आहे, पण उत्तर चुकले. शकवर्ष गुढीपाडव्याला बदलते, इसवी सन मात्र 1 जानेवारीलाच पुढे गेलेला असतो. त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींना 79 मिळवावे लागतात. फाल्गुन हा पाडव्याआधीचा महिना, म्हणून 1630. राज्याभिषेक ज्येष्ठातला, शके 1596 चा. तिथे 78 मिळवूनच 1674 येते.

इथे इंग्रजी स्तंभातही एक खाच आहे. 19 फेब्रुवारी 1630 आणि 6 जून 1674 या रूढ तारखा जुन्या, ज्युलियन पंचांगाच्या आहेत. सतराव्या शतकात ते पंचांग आजच्या ग्रेगोरियन पंचांगाच्या दहा दिवस मागे होते. म्हणून काही पुस्तकांत याच घटना 1 मार्च आणि 16 जूनला सापडतात. तारीख कोणत्या पंचांगाची, हे पानावर लिहिले नाही, तर मुलांना दोन पुस्तकांपैकी एक खोटे वाटते. शिवाय त्या काळी इंग्रजांचे वर्ष 25 मार्चला सुरू होई. ईस्ट इंडिया कंपनीच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या पत्रांवर म्हणूनच आपल्या हिशेबाने आदल्या वर्षाचा आकडा दिसू शकतो. थोरल्या मुलांना हे आवर्जून दाखवावे. मूळ कागद कसा वाचायचा, ते त्यातून कळते.

नेहमीच्या ओळखीचा शब्दही फसवतो. बाळाजी विश्वनाथांनी 1719 मध्ये दिल्लीहून शाहू महाराजांसाठी स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा आणल्या. ‘स्वराज्य’ म्हणजे ‘सेल्फ-रूल’ असे पाठ केलेला मुलगा, मोगलांनी मराठ्यांना स्वातंत्र्य दिले, असे लिहून बसतो. सनदेतले स्वराज्य म्हणजे ढोबळमानाने शिवाजी महाराजांच्या अखेरीस त्यांच्या ताब्यात असलेला मुलूख. टिळकांच्या स्वराज्याची ओळ या ओळीपासून वेगळी, आपल्या सनासह हवी.

चौथाई आणि सरदेशमुखी या दोन्हींपुढे ‘टॅक्स’ लिहिणे तर टाळावेच. दख्खनच्या सहा मोगली सुभ्यांच्या महसुलातला चौथा हिस्सा म्हणजे चौथाई. सरदेशमुखी हा त्याखेरीज आणखी एक दशांश, सरदेशमुखाच्या वतनी हक्कापोटी मागितलेला. एक लाखाचा महसूल धरला, तर 25 हजार आणि 10 हजार. एवढा हिशेब करायला लावला, की दोन हक्क वेगळे का, ते मुले आपणच सांगतात.

मोठ्या वर्गांसाठी उजव्या स्तंभात आणखी एक रकाना ठेवावा, जुन्या स्पेलिंगचा. जेम्स ग्रँट डफचा 1826 चा मराठ्यांचा इतिहास वाचनालयाच्या संगणकावर Maratha टंकून हाती लागेलच असे नाही. त्याच्या ग्रंथाच्या नावात Mahrattas असे आहे.