काळ्या कातळाची तांबडी माती

सह्याद्रीच्या पूर्वेस देशावर कापसाची काळी जमीन आढळते, तर पश्चिमेस रत्नागिरीच्या सड्यांवर तांबडा जांभा पसरलेला दिसतो. हा फरक पाहून दोन्हीकडचे खडक मुळातच निरनिराळे असावेत, असे कोणासही वाटेल. वस्तुतः दोहोंचे मूळ एकच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून जो काळा बेसाल्ट खडक तयार झाला, त्याचीच ही दोन रूपे होत.

फरक घडविला तो प्रामुख्याने पावसाने. देशावरील बऱ्याच भागांत वर्षाकाठी ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो खडक कुजविण्यास पुरतो, परंतु कुजलेल्या खडकातील द्रव्ये दूर वाहून नेण्यास पुरत नाही. चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका बहुतांशी जागच्या जागी राहतात व त्यांपासून पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी काळी चिकण माती बनते. कोकणात मात्र सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. हे पाणी जमिनीतून खाली झिरपताना विद्राव्य द्रव्ये आपल्याबरोबर घेऊन जाते. या क्रियेस अपक्षालन असे म्हणतात.

काय जाते, काय राहते

पावसाच्या पाण्यात हवेतील आणि विशेषतः मातीतील कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यापासून निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू मिसळतो व पाणी किंचित आम्लधर्मी होते. उष्ण हवामानात या पाण्याची खडकावरील क्रिया अधिक वेगाने घडते. प्रथम सोडियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम निघून जातात. त्यानंतर सिलिका अतिशय संथपणे विरघळू लागते. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे मात्र पाण्यात सहसा विरघळत नाहीत, म्हणून ती मागे उरतात.

एका हिशेबाने हे स्पष्ट होईल. १०० किलो बेसाल्टमध्ये सुमारे १३ किलो लोहाची ऑक्साइडे असतात. त्याच खडकापासून झालेल्या जांभ्यात समजा हे प्रमाण ४० टक्के आढळले. लोह बाहेरून आलेले नाही आणि बाहेर गेलेलेही नाही असे मानल्यास, १३ किलो म्हणजे ४० टक्के, तर एकूण जांभा सुमारे ३२ किलो भरतो. याचाच अर्थ मूळ खडकाचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग पाण्याबरोबर निघून गेला. जांभ्यातील लोह वाढलेले दिसते ते असे, इतर द्रव्ये वजा झाल्यामुळे. प्रत्यक्षात थोडे लोह जागा बदलतेच, तेव्हा हा हिशेब केवळ ठोकळ समजावा.

यास काळ किती लागतो? एक चौरस मीटर जमिनीतून वर्षाला १,००० लिटर पाणी खाली झिरपले आणि प्रत्येक लिटरने १० मिलिग्रॅम सिलिका नेली, असे धरू. वर्षाकाठी अवघी १० ग्रॅम सिलिका गेली. एक घनमीटर बेसाल्टमध्ये सिलिका असते जवळजवळ दीड टन. या गतीने ती संपण्यास सुमारे दीड लाख वर्षे लागतील. आणि हा झाला केवळ एक मीटर जाडीचा थर!

कोरड्या महिन्यांचे काम

केवळ अतिवृष्टीने जांभा बनत नाही. बारमाही ओल्या प्रदेशातही खडक धुतला जातो, परंतु तेथील माती बहुधा पिवळसर व मऊ राहते. जांभ्याचा टणकपणा ही ऋतूंच्या आलटून पालटून येण्याची करणी आहे.

पावसाळ्यात भूजलाची पातळी वर येते. पाण्याने भरलेल्या मातीत हवा उरत नाही, आणि हवेच्या अभावी लोह विद्राव्य रूप घेऊन थोडे इकडे तिकडे सरकते. पावसाळा संपला की पातळी खाली जाते, मातीच्या छिद्रांत हवा शिरते आणि विरघळलेल्या लोहाचे पुन्हा अविद्राव्य ऑक्साइड होऊन ते तेथेच साचते. दरवर्षी हाच क्रम चालतो. प्रथम तांबडे ठिपके, मग गोटे आणि अखेर एकमेकांस जोडलेला सलग सांगाडा तयार होतो. मधली मऊ माती धुऊन गेली की दगड सच्छिद्र दिसू लागतो.

हा दगड खाणीत ओला असताना अवजाराने कापता येतो आणि उघड्यावर वाळल्यावर कठीण होतो. मलबारमधील अंगाडीपुरम येथे फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी हा गुण पाहिला व १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतात, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, त्यास ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. कोकणातील चिरे याच गुणामुळे निघतात.

चिरेखाणीच्या उभ्या भिंतीत हा सारा इतिहास वरून खाली वाचता येतो. माथ्यावर टणक कवच, त्याखाली कापता येण्याजोगा छिद्रमय जांभा, त्याखाली तांबड्या-पांढऱ्या ठिपक्यांची मऊ माती, मग पांढुरकी चिकण माती आणि सर्वांत खाली कुजका व शेवटी अभंग काळा खडक, असा साधारण क्रम असतो. प्रत्येक खाणीत सर्व थर दिसतीलच असे नाही.

शेतीस आणि विहिरीस याचा अर्थ

धुऊन निघालेल्या या मातीत अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती थोडी असते व ती आम्लधर्मी असते. पेरणीच्या वेळी एकदम दिलेले नत्र मुसळधार पावसात मुळांच्या खाली निघून जाते. म्हणून ते हप्त्याहप्त्याने देणे योग्य. स्फुरदाची गोष्ट नेमकी उलट आहे. ते वाहून जात नाही, तर लोह व अ‍ॅल्युमिनियम यांच्याशी जखडून पिकास दुर्मीळ होते. ते सर्वत्र फेकण्याऐवजी मुळांजवळ द्यावे. शेणखत व पालापाचोळा ही जखडण कमी करतात आणि अन्नद्रव्येही धरून ठेवतात.

वरकस जमिनीवरील झाडी तोडल्यास वरची माती पावसात वाहून जाते. खाली ठिपक्यांचा लोहयुक्त थर असेल तर तो उघडा पडून ऊन-पावसाच्या फेऱ्यांत दगड बनतो. सर्वच तांबडी माती अशी घट्ट होत नाही. ओळखण्याचा सोपा मार्ग असा की, त्या थरातील ओले ढेकूळ काढून उन्हात पूर्ण वाळवावे, भिजवावे आणि असे अनेक वेळा करावे. पाण्यात ते विरघळले तर ती साधी माती. प्रत्येक वेळी अधिकच कठीण होत गेले तर तेथील आच्छादन हलवू नये.

विहिरींचेही असेच आहे. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी झपाट्याने आत घेतो, परंतु खालच्या चिकण मातीच्या थरावर ते अडते आणि उताराकडे सरकून सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच पावसाळ्यात काठोकाठ भरलेली सड्यावरील विहीर उन्हाळ्यात तळ दाखविते, तर पायथ्याचा झरा त्यानंतरही काही काळ वाहत राहतो. सड्यावर विहीर खणण्यापूर्वी जवळच्या चिरेखाणीत वा दरडीत चिकण मातीचा थर किती खोलीवर आहे आणि त्याचा उतार कोणीकडे आहे, हे पाहून घेतल्यास पाणी कोठे थांबेल याचा अंदाज बांधता येतो.