गच्चीचं काम कोणाकडे?

मुंबईतल्या एका सोसायटीची कल्पना करा. १२ एप्रिलला कमिटीची बैठक झाली, विषय गळकी गच्ची. पावसाआधी वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. "तीन कोटेशनं मागवू," असं म्हणत मंडळी उठली. मागवणार कोण, हे मात्र कोणी विचारलं नाही. खजिनदारांना वाटलं सचिव बघतील, सचिवांना वाटलं खजिनदार.

अशा वेळी त्याच संध्याकाळी सचिवांनी एक ईमेल पाठवली, तर काम मार्गी लागतं. ती साधारण अशी असावी:

विषय: गच्ची वॉटरप्रूफिंग, १२ एप्रिलचे निर्णय
ठरलं: नुसत्या भेगा बुजवायच्या नाहीत, पूर्ण गच्चीचं काम करायचं.
खजिनदार: तीन कोटेशनं, २५ एप्रिलपर्यंत.
सचिव: कॉन्ट्रॅक्टर निवडीसाठी बैठक, २ मे.
अध्यक्ष: वर्क ऑर्डरवर सही, ८ मेपर्यंत.
ठरायचं आहे: टाकीखालचा भाग यात धरायचा का?
काही चुकलं असेल, तर मंगळवार रात्रीपर्यंत कळवा.

या तारखा मागून पुढे मोजल्या आहेत. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. कामाला तीन आठवडे धरले आणि शेवटी गच्चीवर पाणी साठवून गळती तपासायला दोन दिवस ठेवले, तर मेच्या मध्यावर काम सुरू व्हायलाच हवं. "लवकरात लवकर" असं लिहिलं असतं, तर हा हिशेब कोणी केलाच नसता.

एका कामापुढे नाव एकच. खजिनदार हवी तेवढ्यांची मदत घेवोत, पण २५ तारखेला फोन जाणार तो त्यांनाच. "खजिनदार व सचिव" असं लिहिलं, की दोघंही निर्धास्त होतात. जो बैठकीला नव्हता, त्याच्या नावावर काम टाकायचं असेल, तर आधी त्याला फोन करावा. ईमेलमधून अचानक गळ्यात पडलेलं काम माणूस सहसा मनावर घेत नाही.

"ठरायचं आहे" ही ओळ अनेक जण गाळतात. भांडणं नेमकी तिथूनच सुरू होतात, कारण जे बोलणं अर्धवट राहिलं, ते प्रत्येकाला आपल्या बाजूने ठरल्यासारखं आठवतं. कोण काय म्हणालं, याची लांबण मात्र इथे नको. तिची जागा इतिवृत्तात. ही ईमेल इतिवृत्ताची जागा घेत नाही. ते रीतसर लिहून पुढच्या बैठकीत कायम करावंच लागतं.

आणि २५ एप्रिलला दोनच कोटेशनं आली तर? खजिनदारांनी त्याच ईमेलला सगळ्यांना उत्तर द्यावं: "तिसरं २९ला येईल, २ मेची बैठक ठरल्याप्रमाणे." चार दिवसांची सवड तिथेच संपते. तिसरं ३ मेला येणार असेल, तर बैठक पुढे ढकलायची की दोन कोटेशनांवरच निवड करायची, हे अध्यक्षांना त्याच दिवशी विचारावं लागेल.