विमान मोड लावून बोला

फोन विमान मोडवर टाका, वाय-फायही बंद आहे ना बघा आणि कीबोर्डच्या माइकवर ‘उद्या दळण आणायचंय’ म्हणा. अक्षरं उमटली, तर आवाज ओळखण्याचं काम फोनमधल्याच मॉडेलने केलं. मात्र नेट सुरू झाल्यावर तोच कीबोर्ड आवाज सर्व्हरकडे धाडणार नाही, याची ही हमी नव्हे. सर्व्हरवरची मॉडेलं मोठी. आडनावं, गावांची नावं तिथे सहसा कमी चुकतात. बदल्यात जातो तुमचा आवाज, आणि मागे चाललेलं घरातलं बोलणंही. २०१९मध्ये बेल्जियमच्या ‘व्हीआरटी’ वाहिनीने गूगल असिस्टंटची हजारावर ध्वनिमुद्रणं ऐकली. त्यांतली १५३ असिस्टंटला हाक न मारताच झालेली होती. आणि अशी ध्वनिमुद्रणं ऐकून तपासायला गूगलने कंत्राटावरची माणसं बसवलेली होती!