केळीच्या गाण्याची साखळी

भाद्रपदी पौर्णिमेला आपल्याकडे भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत गाणी चालतात. त्यातलं कारल्याच्या वेलाचं गाणं सगळ्यांना येतं. सून माहेरी जायचं विचारते, आणि सासू दर वेळी वेल एक पायरी पुढे नेऊन तिला थांबवते. लहान पोरीही त्यात चुकत नाहीत, कारण वेल लावल्याशिवाय फूल येत नाही. क्रम वेलातच आहे, तो वेगळा पाठ करावा लागत नाही.

याच्याही पुढे जाणारी गाणी असतात. त्यांत प्रत्येक कडव्यात मागच्या सगळ्या ओळी परत म्हणायच्या आणि एक नवी जोडायची. असं एक गाणं आपण आपल्या केळीवर बांधू:

कंदाला फुटला कोंब,
कोंबाला आलं पान,
पानातून आलं केळफूल,
केळफुलात दिसली फणी,
फणीफणीचा झाला घड,
घड चालला बाजारा.

पहिल्या कडव्यात फक्त कोंब. दुसऱ्यात कोंब आणि पान. सहाव्या कडव्यात सगळ्या सहा ओळी. बघा, एका ओळीतली शेवटची वस्तू पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येते. मूल अडलं तर तीच वस्तू त्याला पुढची ओळ काढून देते. याऐवजी आंबा, पेरू, चिक्कू अशी नुसती यादी घेतली, तर मुलं नावं मागेपुढे करतात, कारण पेरूनंतर चिक्कूच का, याला कारण नसतं.

आता एक अडचण. सहा कडवी म्हटली की कोंबाची ओळ सहा वेळा होते, पानाची पाच वेळा, आणि बाजाराची एकदाच. म्हणून सुरुवात पक्की आणि शेवट कच्चा राहतो. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या दिवशी तीनच कडवी घ्या. दुसऱ्या दिवशी उरलेली जोडा आणि शेवटचं कडवं आणखी दोन-तीनदा म्हणा. लहान मुलांसाठी सहा-सात ओळी पुरेत. त्याहून लांब कडवं एका दमात होत नाही.

सगळ्यांनी मिळून म्हटलं की गाणं आलंसं वाटतं. पण दोन-तीन मुलं म्हणत असतात आणि बाकीची त्यांच्या मागे ओठ हलवतात. हे ओळखायचं तर मुलांना गोल बसवा आणि प्रत्येकाला एकेकच ओळ द्या. किंवा मध्येच थांबून विचारा, "केळफुलात काय दिसलं?" जे मूल लगेच "फणी" म्हणतं, त्याला गाणं आलं. जे दर वेळी कंदापासून सुरू करतं, त्याला चाल आली आहे, साखळी अजून यायची आहे. त्याला तिसऱ्या ओळीपासून सुरू करायला लावा.

पुढच्या खेपेला ज्वारीचं गाणं असंच बांधून बघा. पेरणीपासून भाकरीपर्यंत तिचाही क्रम ठरलेला आहे.