प्रेमाची कबुली आणि ‘अजून नाही’ हे उत्तर

प्रेमाची कबुली दोघांपैकी एकाकडून आधी येते आणि दुसऱ्याला, तयारी असो वा नसो, उत्तर द्यावे लागते. जोशुआ अ‍ॅकरमन आणि सहकाऱ्यांनी या विषयावर केलेला अमेरिकेतला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कबुली आधी बायका देतात, असा त्यात बहुतेकांचा समज दिसला. पण जोडप्यांना प्रत्यक्ष विचारल्यावर आधी बोलणाऱ्यांत पुरुष जास्त निघाले. तसे बोलून टाकावे हा विचारही पुरुषांच्या मनात सरासरी सहा आठवडे आधी आलेला होता. दोघांच्या वेगात काही आठवड्यांचा फरक पडणे इतके नेहमीचे आहे, की तेवढ्यावरून मागे राहिलेल्याला प्रेमच नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

हा फरक का पडतो, याचे एक उत्तर मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात सापडते. प्रेमाचे त्यांनी तीन घटक सांगितले: जवळीक, ओढ आणि बांधिलकी. ओढ चटकन लागते. जवळीक सहवासाने वाढते, आणि बांधिलकी हा बराचसा विचार करून घेतलेला निर्णय असतो. त्यामुळे बोलणारा ओढीच्या भरात बोलतो आणि ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र बांधिलकीचा प्रश्न पडतो, असे अनेकदा होते. महाराष्ट्रात त्यात आणखी एक भर पडते. ओळख ‘स्थळ’ म्हणून झाली असेल आणि दोन्ही घरे निरोपाची वाट पाहत असतील, तर साधी कबुलीही होकाराची मागणी होऊन बसते.

असेच एक नमुन्यादाखल उदाहरण घेता येईल. विवाहमंडळातून ओळख झालेले पुण्यातले दोघे अडीच महिने दर शनिवारी भेटत आहेत. एका संध्याकाळी टेकडी उतरताना तो म्हणतो, “माझं तुझ्यावर प्रेम बसलंय.” तिला तो आवडतो, त्याचा फोन आला की बरे वाटते. पण मतभेद झाल्यावर तो कसा वागतो हे तिने अजून पाहिलेले नाही, आणि प्रेम म्हणावे असे काही आत जाणवतेय का, याचे उत्तर तिच्यापाशी नाही. घरी आई दर आठवड्याला “काय ठरलं?” असे विचारते आहे.

या क्षणी सर्वांत सोपे उत्तर असते “मी पण”. अवघडलेपण टळते, समोरचा खूश होतो. पुढच्या गोष्टी मात्र याच शब्दावर रचल्या जातात. तो रात्री घरी सांगतो, त्याची आई तिच्या आईला फोन करते, बैठकीचा दिवस ठरू लागतो. दोन महिन्यांनी तिने खरे सांगितले, तर त्याला नकारापेक्षा मधले दोन महिने जास्त बोचतात, कारण त्या काळातले तिचे प्रत्येक वाक्य आता संशयाचे होते. हसण्यावारी नेणे, विषय बदलणे किंवा नुसते “थँक यू” म्हणणे यात खोटे काही नसते. पण ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही, आणि तो बहुधा वाईटातला वाईट अर्थ लावून घेतो.

प्रामाणिक उत्तरात तीन गोष्टी याव्या लागतात. पहिली, त्याचे बोलणे पोहोचल्याची पावती. दुसरी, मनात आज जे खरोखर आहे ते, तपशिलासह. तिसरी, जे अजून नाही ते, स्पष्ट शब्दांत. उदाहरणातली ती असे म्हणू शकते: “हे बोलायला धीर लागतो. तू सांगितलंस ते मला आवडलं. मी आठवडाभर शनिवारची वाट बघते, तुझ्याशी बोलताना मला काही लपवावंसं वाटत नाही. पण प्रेम आहे असं आज म्हटलं तर ते खोटं होईल. मी अजून तिथवर आलेले नाही.”

या तिन्हींत दुसरा भाग सर्वांत महत्त्वाचा. तो गाळला, तर “अजून नाही” हे नकारासारखे ऐकू येते. तो फुगवला, तर होकारासारखे. म्हणून “तू खूप छान आहेस” अशा कोणालाही लागू पडणाऱ्या वाक्यापेक्षा शनिवारची वाट बघण्यासारखी खरी, लहान गोष्ट सांगावी. तिसरा भाग एकदाच आणि थोडक्यात सांगावा. जुन्या नात्यांचा इतिहास, स्वभावाची कारणे, माफी यांची रांग लागली, की ऐकणाऱ्यालाच सांगणाऱ्याची समजूत काढत बसावे लागते.

यावर पुढचा प्रश्न बहुधा “मग किती दिवस लागतील?” हाच येतो. मुदत देऊ नये. “महिनाभरात सांगते” म्हटले, की तो महिना परीक्षेचा होतो आणि शेवटच्या दिवशी येणारे उत्तर दडपणाखाली येते. मात्र शब्द देता येतो तो वेगळ्या गोष्टीचा: “तारीख नाही सांगता येणार. पण तुला टांगून ठेवणार नाही. होकडे असो की नाहीकडे, मन वळलं की मी स्वतःहून सांगेन. तोवर घरी कुणाला काही पक्कं सांगू नकोस.” घरच्यांसंबंधीचे हे शेवटचे वाक्य स्थळाच्या ओळखीत विसरून चालत नाही.

पुढचे काही आठवडे शब्दांपेक्षा वागण्याकडे पाहिले जाते. कबुलीनंतर फोन कमी झाले, भेटी टळू लागल्या, तर “अजून नाही” यावर विश्वास बसत नाही. उलट अपराधीपणापोटी अचानक जास्त लाड सुरू झाले, तर चुकीची आशा लागते. भेटी पूर्वीच्याच चालीने चालू ठेवणे बरे. त्याने कबुली पुन्हा दिली, तर प्रत्येक वेळी सगळा खुलासा करण्याची गरज नसते. “माहीत आहे, आणि ऐकायला आवडतं” एवढे पुरते, अर्थात ते खरे असेल तर.

‘अजून नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक ओळखणे ही उत्तर देणाऱ्याची जबाबदारी. जाणून घेण्याची उत्सुकता वाढते आहे, पुढच्या बेतात तो आपसूक धरला जातो आहे, त्याच्या अडचणीत लक्ष अडकते आहे, तर ते ‘अजून नाही’. भेट ठरली की सुटका हवीशी वाटते, कबुलीची आठवण झाली की ओझे वाटते, आणि दोन-तीन महिन्यांत यात काही बदल नाही, तर ते बहुधा ‘नाही’च असते. मग तसे सांगावे, कारण त्यानंतरचे “मला वेळ दे” हे समोरच्याचा वेळ खर्च करणारे ठरते.

हे सारे तेव्हाच लागू पडते, जेव्हा समोरचा माणूस “अजून नाही” ऐकून घेऊ शकतो. तो नाराज होईल, दोन दिवस गप्पही राहील. त्यात वावगे काही नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच कबुली, महागड्या भेटवस्तू, दिवसभर संदेश, आणि उत्तर न मिळाल्यास राग, टोमणे किंवा जिवाचे बरेवाईट करून घेण्याची धमकी असे एकापाठोपाठ येऊ लागले, तर तो दबाव असतो. अशा वेळी भावनांचा हिशेब मांडत बसू नये. “मला हे नको आहे” असे मोजक्या शब्दांत सांगावे, एकट्याने भेटणे थांबवावे आणि घरातल्या किंवा मैत्रीतल्या विश्वासू माणसाला कळवावे. धमकी जिवाची असेल, तर त्याच्या घरच्यांना लगेच सांगावे. ती एकट्याने सांभाळण्याची गोष्ट नव्हे.