रोलर हवा काढतो, पाणी नाही

प्रश्न : कॉम्पॅक्शन आणि कन्सॉलिडेशन, दोन्हींत माती दबतेच. मग फरक काय?

उत्तर : बाहेर काय पडतं ते बघा. खाडीकाठी रस्त्याचा भराव घालताना थराथरावर रोलर फिरतो आणि कणांमधली हवा लगेच निघून जाते. हे कॉम्पॅक्शन. भरावाखालची चिकणमाती मात्र पाण्याने गच्च भरलेली असते. वरचा भार आधी ते पाणीच पेलतं. ते हळूहळू झिरपून जातं तसा भार कणांवर येतो आणि जमीन वर्षानुवर्षं खचत राहते. हे कन्सॉलिडेशन. तिथे रोलर निरुपयोगी. म्हणून मातीत उभे निचरा-पट्टे घालतात. पाण्याची वाट निम्मी झाली की वेळ साधारण चौथाईवर येतो. भराव नीट दाबूनही रस्ता खचत असेल, तर खालची चिकणमाती तपासा.