उशिराची वेळ आधी ठरवा

जूनचा शेवटचा आठवडा होता. परिपाठ संपून मुलं वर्गात बसत होती, तेवढ्यात पाचवीतल्या एका मुलाची आई दाराशी आली. मुलगा व्हरांड्यात कुबड्या टेकून उभा होता. एप्रिलमध्ये सायकलवरून पडून त्याच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून हाडात लवचीक सळ्या घातल्या होत्या. हाड आता जुळलं होतं, पाय टेकायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण गुडघा वाकत नव्हता.

"बाई, पुढच्या आठवड्यापासून फिजिओथेरपीला न्यायचंय. थोडे दिवस उशीर होईल, सांभाळून घ्या," एवढं सांगून ती निघाली. मी तिला थांबवलं आणि तीन प्रश्न विचारले. कोणकोणत्या वारी? किती वाजता येईल? कधीपर्यंत? तिच्याकडे एकच उत्तर होतं : "डॉक्टर म्हणालेत, दीड महिना."

वर्गशिक्षिका म्हणून अशी कितीतरी मुलं मी पाहिली. "थोडे दिवस" आणि "थोडा उशीर" या दोन शब्दांनी शाळेला काहीच करता येत नाही, असा माझा अनुभव आहे. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ सांगितली, तर मात्र पुष्कळ करता येतं. त्या मुलाच्या दीड महिन्यात आम्ही काय केलं, ते म्हणूनच तपशिलानं सांगते.

आधी उपचाराबद्दल. "सुट्टीच्या दिवशी नाही का जाता येत?" असं शाळेत बरेचदा विचारलं जातं. मांडीचं हाड मोडल्यावर पाय बरेच दिवस हलत नाही. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू बारीक होतो आणि सांध्याभोवतीचा भाग आखडतो. निरोगी गुडघा साधारण १३५ अंशांपर्यंत वाकतो. या मुलाचा ८० अंशांवर अडकत होता. जिना चढायला ८० अंश जेमतेम पुरतात, मांडी घालून बसायला तर ते फारच कमी. फिजिओथेरपिस्ट कोनमापकासारखं साधन गुडघ्याला लावून दर वेळी हा कोन मोजतात. व्यायामानं थोडा कोन वाढतो. मध्ये मोठा खंड पडला तर मिळवलेलं पुन्हा आखडतं. म्हणून आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड, असं वेळापत्रक दिलं जातं. रविवारी एकदम जास्त व्यायाम करून ही भरपाई होत नाही, उलट गुडघा सुजतो.

त्या मुलाला रुग्णालयात सोमवार, बुधवार आणि शुक्रवार सकाळी दहाचा नंबर मिळाला होता. पाऊण तास व्यायाम, मग रिक्षा, मग घरून दप्तर घेऊन शाळा. म्हणजे यायला सव्वाअकरा. आमची शाळा साडेदहाला भरायची, १०.५० पर्यंत परिपाठ, मग ११.३० पर्यंत पहिली तासिका. तिन्ही दिवशी पहिली तासिका गणिताची होती. सहा आठवड्यांचे १८ दिवस, रोज चाळीस मिनिटं : हिशोब केला तर बारा तासांचं गणित बुडत होतं. पाचवीच्या सुरुवातीला, अपूर्णांक शिकवायच्या ऐन वेळी. मूल रोज "थोडंसंच" उशिरा येतं, म्हणून हे नुकसान कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. तो उशीर रोज एकाच विषयावर पडतो, हे वेळापत्रक शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

मी त्या ताईंना वर्गाचं वेळापत्रक उतरवून दिलं आणि म्हटलं, "हे घेऊन परत रुग्णालयात जा. मंगळवार, गुरुवार, शनिवार मिळतात का विचारा." कारण साधं होतं. शनिवारी आमची शाळा सकाळची, अकराला सुटायची. शनिवारी पावणेबाराचा नंबर मिळाला, तर त्या दिवशी उशीर होणारच नव्हता. दिवसाआडचा नियमही पाळला जात होता. फिजिओथेरपिस्टनी वार बदलून दिले. नंबर देताना त्यांना शाळेचं वेळापत्रक ठाऊक नसतं. कुणी दाखवलं तर बहुतेक जण जमेल तेवढं जुळवून घेतात.

आता उशिराचे दिवस १८ वरून १२ वर आले. राहिले मंगळवार आणि गुरुवार. गुरुवारी शेवटची तासिका शारीरिक शिक्षणाची होती. या मुलाला धावायला, उड्या मारायला मनाईच होती. मी क्रीडाशिक्षकांशी बोलून सहा आठवड्यांसाठी ती तासिका पहिली घेतली आणि गणित शेवटी नेलं. जी तासिका त्याला एरवीही बसून काढावी लागली असती, तीच उशिरात गेली. मंगळवारी मैदान दुसऱ्या वर्गाकडे असल्यामुळे तशी अदलाबदल जमली नाही. म्हणून मंगळवारच्या गणितात मी फक्त सराव ठेवला आणि नवा घटक बुधवारी सुरू केला. शेवटी बुडाले ते सहा तास सरावाचे, एकूण चार घड्याळी तास. सरावाची उदाहरणं तो घरी सोडवून आणू शकत होता.

हे सगळं तोंडी ठरलं तरी पत्र लागतंच. वर्गशिक्षिका रजेवर गेली, फाटकावरचे शिपाई बदलले, की तोंडी बोलणं हवेत विरतं. पत्र मुख्याध्यापकांच्या नावे असावं, दोन प्रती काढाव्यात आणि एका प्रतीवर कार्यालयाची पोच घ्यावी. आमच्याकडे आलेलं पत्र साधारण असं होतं :

"प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : उपचारासाठी ठरावीक दिवशी उशिरा येण्याची परवानगी. महोदय, माझा मुलगा इयत्ता पाचवी 'अ' मध्ये शिकतो. उजव्या मांडीच्या हाडाच्या ऑपरेशननंतर त्याला १ जुलै ते ९ ऑगस्ट या काळात दर मंगळवारी, गुरुवारी व शनिवारी फिजिओथेरपी सांगितली आहे. मंगळवारी व गुरुवारी तो सकाळी ११.१५ ते ११.३० च्या दरम्यान शाळेत येईल. शनिवारी पूर्ण वेळ हजर राहील. त्याला सोडायला मी किंवा त्याचे आजोबा येऊ. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार त्याने जमिनीवर मांडी घालून बसू नये, धावू नये आणि जिन्याची चढउतार कमीत कमी करावी. २ ऑगस्टला पुन्हा तपासणी आहे. त्यानंतर काही बदल झाल्यास लेखी कळवीन. फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी सोबत जोडली आहे. उशिरा येण्याच्या दिवशीही त्याची हजेरी लागावी, ही विनंती."

या पत्रात ऑपरेशनचे कागद नाहीत, एक्स-रे नाही, खर्चाची कहाणी नाही. शाळेला ज्यावर काही करायचं आहे, तेवढंच आहे. मोडलेल्या हाडाबद्दल लपवण्यासारखं काही नसतं, म्हणून इथे कारण लिहिलं. पण कारण नाजूक असेल, मुलाला वर्गात कळायला नको असेल, तर "वैद्यकीय उपचार" एवढं लिहून फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी जोडली तरी चालतं. त्या चिठ्ठीत उपचाराचे वार, वेळ, कालावधी आणि काय करायचं नाही, हे असलं की पुरे. नाजूक गोष्ट मुख्याध्यापकांना समक्ष सांगावी.

पत्र दिल्यावरही तीन ठिकाणी गाडी अडते, आणि तिन्ही ठिकाणी त्रास मुलालाच होतो.

पहिलं ठिकाण फाटक. घंटा झाली की फाटक बंद. पत्र कार्यालयाच्या फायलीत असतं, शिपाईमामांना त्याचा पत्ता नसतो. पहिल्याच मंगळवारी आमचा मुलगा पावसात दहा मिनिटं बाहेर उभा राहिला. मग मुख्याध्यापकांची सही असलेली एक छोटी चिठ्ठी त्याच्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर चिकटवली : वार, वेळ, कधीपर्यंत. पुढे तो फक्त पान उघडून दाखवायचा. रोज नव्या माणसाला पाय दाखवून समजावण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.

दुसरं ठिकाण हजेरी. आमच्याकडे परिपाठानंतर लगेच हजेरी व्हायची. उशिरा आलेल्या मुलाची गैरहजेरी एकदा लागली की महिनाअखेरीच्या बेरजेत तशीच राहते. जिथे शालेय पोषण आहार शिजतो, तिथे ताटांची संख्याही सकाळच्या हजेरीवरूनच कळवली जाते. म्हणून मंगळवार-गुरुवारी त्याचं ताट आधीच धरायचं, असं मी ठरवून टाकलं. पालकांनी महिन्याच्या शेवटी हजेरी एकदा विचारून घ्यावी. वर्षअखेरीला बारा दिवसांची भांडणं करण्यापेक्षा हे सोपं.

तिसरं ठिकाण वर्गातली बसायची जागा. उशीर सगळ्यांच्या लक्षात येतो, पाय मात्र विसरला जातो. गुडघा फार वेळ वाकवून ठेवला तर दुखतो, अजिबात न हलवता ठेवला तर आखडतो. म्हणून त्याला रांगेच्या कडेचा बाक दिला, पाय मोकळ्या जागेत सरळ करता यावा म्हणून. तासिका बदलताना बाकाखाली पाय दहा वेळा सरळ करायचा, हा व्यायाम फिजिओथेरपिस्टनीच लिहून दिला होता. संध्याकाळी गुडघा सुजलेला दिसला किंवा लंगडणं आदल्या दिवसापेक्षा वाढलं, तर शाळेत कुठेतरी जास्त ताण पडला आहे असं समजावं आणि पुढच्या नंबराला ते सांगावं. आमच्याकडे एकदा असं झालं. चौकशी केल्यावर कळलं की तो मधल्या सुट्टीत मित्रांबरोबर दुसऱ्या मजल्यावर जात होता.

एक चूक मात्र मी पुष्कळ पालकांना करताना पाहिली आहे. "बरं होईपर्यंत" असं पत्रात लिहितात. शाळेला त्याचा अर्थ लावता येत नाही, आणि महिनाभरानंतर नव्या शिक्षकाला वाटतं, हा मुलगा उगाच उशिरा येतो. शेवटची तारीख लिहावी, मग ती वाढली तरी चालेल. आमच्या मुलाची तारीख दोन आठवड्यांनी वाढली. २ ऑगस्टच्या तपासणीत गुडघा ११५ अंशांवर आला होता, पण मांडीतली ताकद अजून कमी होती. त्याच्या आईनं लगेच दोन ओळींचं दुसरं पत्र आणून दिलं. त्यातच एका मंगळवारी पहिल्या तासाला घटक चाचणी आली. तिनं आदल्या आठवड्यात सांगितल्यामुळे रुग्णालयानं त्या आठवड्यापुरता बुधवार दुपारचा नंबर दिला. चाचणी त्यानं वर्गाबरोबरच दिली.

ऑगस्ट संपता संपता तो कुबड्या सोडून शाळेत आला. अपूर्णांकाच्या चाचणीत तो वर्गाच्या मधोमध होता, अपघाताच्या आधी असायचा तसाच.

तुमच्या मुलाला फिजिओथेरपी सांगितली असेल, तर नंबर घ्यायला जाण्याआधी शाळेत जा आणि वर्गाचं वेळापत्रक लिहून घ्या. तो कागद फिजिओथेरपिस्टसमोर ठेवून वार ठरवा, आणि मगच मुख्याध्यापकांना पत्र द्या.